मीटरचं तोंड कुणीकडे?

माझी मावशी साताऱ्यात राहते. वय पंच्याहत्तर, फोन साधासा स्मार्ट, रिचार्ज फक्त बोलण्यापुरता. 2024 च्या डिसेंबरात ट्रायने कंपन्यांना नुसत्या कॉल आणि एसएमएसचे वेगळे पॅक ठेवायला लावले. ते आल्यावर मावशीने डेटाचा पॅक सोडून दिला. 'मला काय करायचंय त्या नेटचं' हे तिचं म्हणणं. वर तीसेक रुपये मेन बॅलन्स असतो. कधी नातीचा फोटो आलाच, तर ती डेटा चालू करते, फोटो बघते, आणि बंद करायला विसरते.

एका संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज चढलेला.

"अरे, सात वाजता माझे एकतीस रुपये चाळीस पैसे होते. फोटो बघितला आणि सव्वीस चाळीस झाले. पाच रुपये एका फोटोला? मी कस्टमर केअरला लावणार तेवढ्यात परत बघितलं, तर एकोणतीस नव्वद! कापले ते कापले, मग साडेतीन परत का दिले? चोरी पकडली जाईल म्हणून?"

मी काही वर्षं प्रीपेड चार्जिंगच्या सिस्टिमवर काम केलंय, त्यामुळे मला हसू आलं. ते हसू कसलं होतं हे नंतर लक्षात आलं. ते जाणकाराचं हसू होतं. कस्टमर केअरवरची मुलं आपल्याला 'सर, सिस्टिममध्ये बरोबर दाखवतंय' असं सांगताना फोनच्या पलीकडे हसत असावीत, तसंच. मावशीचा हिशेब बरोबर होता. तिने तीन वेळा आकडा वाचला होता आणि तिन्ही वेळा बरोबर वाचला होता. चूक असेल तर आकडा दाखवणाऱ्याची होती.

झालं होतं ते असं. तुम्ही डेटा चालू करता तेव्हा तुमचं इंटरनेट कंपनीच्या एका गेटवेतून जातं. वापर मोजतो तो गेटवे. पण तुमच्या पैशांचा हिशेब असतो दुसऱ्याच यंत्राकडे, म्हणजे चार्जिंग सिस्टिमकडे. गेटवे तिला विचारतो: या नंबरला जाऊ देऊ का? दर केबीला असं विचारत बसला तर कोट्यवधी फोनांच्या प्रश्नांनी सिस्टिम बसेल. म्हणून ती ठोकात परवानगी देते, 'घे दहा एमबी, संपले की परत ये.' मात्र दहा एमबी उधार देऊन चालत नाही, कारण प्रीपेड माणूस पैसे संपल्यावर कुठे सापडणार? म्हणून ती दहा एमबीचे पैसे तुमच्या बॅलन्समधून आधीच बाजूला काढून ठेवते. मावशीच्या प्लॅनमध्ये पॅकबाहेरचा डेटा 50 पैसे एमबी. दहा एमबीचे पाच रुपये. एकतीस चाळीसचे सव्वीस चाळीस झाले ते इथे.

हे पाच रुपये खर्च झालेले नसतात. ते राखून ठेवलेले असतात. फोटो उतरला, मावशीने फोन टेबलावर ठेवला, बराच वेळ काही हालचाल झाली नाही. गेटवेकडे त्यासाठी एक घड्याळ असतं. इतका वेळ काही वापर झाला नाही तर हातातला उरलेला कोटा परत करायचा. त्याने केला: 'दहा दिले होते, 2.3 वापरले.' सिस्टिमने 2.3 चे वर ओढून तीन केले, तीन एमबीचा दीड रुपया कापला आणि साडेतीन रुपये परत टाकले. एकतीस चाळीस वजा दीड, एकोणतीस नव्वद. पैशाचा हिशेब जुळला.

यात कुणाची हातचलाखी नाही. ही पद्धत 2005 साली आरएफसी 4006 या जागतिक मानकात लिहिली गेली, 2019 मध्ये आरएफसी 8506 ने ती सुधारून घेतली, आणि जगभरातल्या मोबाईल कंपन्या कमीजास्त फरकाने तीच वापरतात. राखून ठेवणं, वापर कळवणं, उरलेलं सोडणं, या तीन पायऱ्या त्यात स्पष्ट आहेत. बॅलन्स कमी होत आला की शहाणी सिस्टिम लहान लहान कोटे देते, म्हणजे शेवटचे चार रुपये एका जागी अडकून पडू नयेत. शेवटचा कोटा देताना ती गेटवेला सांगते की हा शेवटचा, यानंतर दार बंद कर किंवा रिचार्जच्या पानावर पाठव. विचारपूर्वक बांधलेलं यंत्र आहे, आणि ते बांधणाऱ्यांबद्दल मला आदर आहे.

म्हणूनच व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'कंपन्या रोज प्रत्येकाचा एक रुपया चोरतात' या ढकलपत्रांशी माझं जमत नाही. चार्जिंग सिस्टिममधून हळूच रुपया काढणं हा फार वेडेपणाचा धंदा होईल. तिच्या प्रत्येक व्यवहाराची नोंद होते आणि त्या नोंदी गेटवेच्या नोंदींशी ताडून बघितल्या जातात. चोरी करायची तर याहून सोपे रस्ते होते आणि ते वापरलेही गेले. न मागितलेली कॉलर ट्यून, न मागितलेलं भविष्य, न मागितलेले क्रिकेटचे स्कोअर. 2013 साली ट्रायने अशा सेवांसाठी ग्राहकाची दुहेरी संमती सक्तीची केली, ती उगाच नाही. पण तिथेही यंत्र चुकलं नव्हतं. यंत्राला 'या बाईने ट्यून घेतली' अशी खोटी ऑर्डर दिली गेली, आणि त्याने निमूटपणे पैसे कापले.

तर माझं भांडण यंत्राशी नाही. ते आहे यंत्राच्या तोंडावर बसवलेल्या त्या एका आकड्याशी.

आत, सिस्टिममध्ये, बॅलन्स हा एक आकडा कधीच नसतो. एकूण किती, त्यातले राखलेले किती, आणि आत्ता खर्चायला मोकळे किती, असे तीन असतात. बाहेर मात्र ग्राहकाला त्यातला एकच दाखवतात. कोणता, हे कंपनीगणिक आणि कधी कधी एकाच कंपनीत जागेगणिक बदलतं. ॲप एकूण दाखवतं, स्टार-हॅशचा कोड मोकळे दाखवतो, कॉलनंतर झळकणारा मेसेज तिसऱ्याच क्षणाचा असतो. मग सहा रुपये दिसत असताना कॉल लागत नाही, कारण त्यातले पाच मागे चालू असलेल्या डेटासाठी राखलेले आहेत, आणि उरलेल्या रुपयात त्या कॉलला लागणारी किमान रक्कम बसत नाही. ग्राहक म्हणतो, सहा रुपये आहेत. सिस्टिम म्हणते, पुरेसे नाहीत. दोघंही खरं बोलतात. मधल्या पाच रुपयांचं नाव कुणी घेत नाही, एवढंच.

हे दाखवणं अवघड आहे का? शेअर बाजारात नव्या कंपनीच्या शेअरसाठी अर्ज केलेल्या कुणालाही विचारा. अस्बा पद्धतीत अर्जाचे पैसे खात्यातच राहतात, फक्त अडकवून ठेवतात. शेअर मिळाले तर जातात, नाहीतर सुटतात. बँकेच्या ॲपवर तेवढी रक्कम वेगळी दिसते. माझे निवृत्त शेजारी, ज्यांना अजून मेल फॉरवर्ड करता येत नाही, त्यांना ते 'ब्लॉक'चं प्रकरण बरोबर समजतं. पंधरा हजार रुपयांच्या बाबतीत जे समजतं, ते पाच रुपयांच्या बाबतीत समजणार नाही, असं मानण्याचं कारण काय?

कंपनीतले लोक यावर जे म्हणतात ते मी मीटिंगमध्ये बसून ऐकलेलं आहे. ते म्हणतात, राखीव रक्कम दाखवली तर ग्राहक जास्तच गोंधळेल आणि कॉल सेंटरला जास्त फोन येतील. पहिल्या महिन्यात येतील, मान्य. पण आत्ताही येतातच की. फरक एवढाच, की आत्ताच्या फोनांना द्यायला उत्तर नसतं. समोरच्या मुलाच्या स्क्रीनवरही बऱ्याचदा ग्राहकाला दिसतो तोच आकडा असतो. तो 'सिस्टिममध्ये बरोबर दाखवतंय' म्हणतो तेव्हा खोटं बोलत नाही. त्यालाही तेवढंच दिसतं.

आता त्या 2.3 चे तीन कसे झाले, तिकडे येऊ. इथे माझा सूर बदलतो, कारण राखीव रक्कम ही गरज आहे, पण वर ओढणं ही निवड आहे.

प्रत्येक प्लॅनमध्ये मोजमापाचा एक तुकडा ठरलेला असतो. कॉलसाठी त्याला पल्स म्हणतात. मिनिटाची पल्स असेल तर एकसष्ट सेकंदांचे दोन मिनिटांचे पैसे. 2009 मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा असा दर आणला आणि बघता बघता बाकीच्यांनाही सेकंदाचे प्लॅन आणावे लागले. नवीन यंत्रं आली म्हणून हे झालं नाही. दराच्या तक्त्यात साठाच्या जागी एक लिहायचा होता. तो आधीही लिहिता आला असता.

डेटाचंही तसंच. तुकडा 10 केबीचा ठेवता येतो, एक एमबीचाही. पण डेटात आणखी एक खाच आहे: वर कधी ओढायचं? संपूर्ण सेशनच्या शेवटी एकदा, की गेटवेने दर वेळी वापर कळवला की तेव्हा? आणि सेशन म्हणजे तरी काय? मावशीच्या मनात सेशन म्हणजे 'मी फोटो बघितला ते'. यंत्राच्या लेखी फोनचं नेटवर्कशी डेटाचं नातं जुळल्यापासून तुटेपर्यंत, मग ते तास चालो किंवा दिवसभर. फ्लाइट मोड लावला, फोन बंद करून चालू केला, रेंज पूर्ण जाऊन फोन पुन्हा नोंदला गेला, की नवं सेशन.

समजा तुम्ही एसटीने पुण्याहून साताऱ्याला निघालात आणि घाटाघाटात रेंज आठ वेळा पूर्ण गेली. दर वेळी मेसेज आणि काय काय मिळून 200 केबी उतरले. एकूण वापर 1.6 एमबी. हा सगळा एका सेशनचा असता तर दोन एमबीचा एक रुपया झाला असता. आठ सेशन झाली, म्हणून प्रत्येक 200 केबीचा एक एमबी, एकूण आठ, चार रुपये. रेंज कंपनीची गेली, पैसे तुमचे चौपट गेले. कुणी चूक केली? कुणीच नाही. दराच्या तक्त्याप्रमाणे प्रत्येक पायरी बरोबर आहे, म्हणून ऑडिटमध्येही ती बरोबरच निघेल. या बरोबरपणावरच माझा राग आहे. प्लॅनच्या जाहिरातीत '50 पैसे एमबी' एवढंच असतं. तुकडा केवढा, वर कधी ओढतात, सेशन कशाला म्हणतात, या तीन गोष्टींवाचून तो दर म्हणजे अर्धं वाक्य आहे. आणि उरलेलं अर्धं कंपनीच्या तक्त्यात लिहिलेलं आहे, हे मी स्वतः तिथे ते रकाने भरलेले असल्यामुळे सांगू शकतो.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त भांडणं लावतो. चार्जिंग सिस्टिम काही मिनिटं उत्तरच देत नाही, असं होतं. बिघाड, अपग्रेड, गर्दी, काहीही. गेटवे ठरावीक सेकंद वाट बघतो आणि मग त्याला दिलेल्या सूचनेप्रमाणे वागतो. सूचना दोन प्रकारच्या असू शकतात: दार बंद कर, किंवा जाऊ दे. 'बंद कर' म्हटलं तर लाखो लोकांचं नेट एकदम जाईल, म्हणून पुष्कळदा 'जाऊ दे' निवडतात, आणि त्यात ग्राहकाचं भलंच आहे. तेवढ्या वेळाचा वापर गेटवे फाइलमध्ये लिहून ठेवतो. पुढे कधीतरी ती फाइल सिस्टिमला वाढली जाते आणि पैसे कापले जातात. हे 'कधीतरी' म्हणजे पहाटे तीन वाजता असू शकतं, कारण तेव्हा गर्दी नसते. सकाळी ग्राहक बघतो: मी झोपलो असताना सात रुपये गेले! कस्टमर केअर सांगतं: तुमच्या फोनने मागे काहीतरी डाउनलोड केलं असेल. हे उत्तर इतक्या वेळा खरं असतं, की ते खोटं असतानाही सहज खपून जातं. कापलेल्या रकमेसोबत 'हा वापर काल संध्याकाळी सहा ते सव्वासहाचा' एवढं कळवलं असतं तर प्रश्न मिटला असता. ती वेळ फाइलमध्ये असते. मेसेजच्या साच्यात तिला जागा ठेवलेली नसते.

याच्या उलटही होतं. सेशन संपल्याचा निरोप वाटेत हरवतो आणि राखलेले पाच रुपये सुटत नाहीत. सिस्टिमकडे त्यासाठी मुदतीचं घड्याळ आहे. बराच वेळ गेटवेकडून काही आलं नाही, तर सेशन मेलं असं समजून ती राखीव सोडते. तोवर ते पैसे ना तुमचे, ना कंपनीचे. रुपया रुपया जपणाऱ्या माणसाचा तेवढ्यात एक महत्त्वाचा कॉल राहून जाऊ शकतो.

सवय झाली की नुसत्या आकड्यांच्या चालीवरून बरंच ओळखता येतं. मी मावशीला तेच शिकवलं. कापलं आणि थोड्या वेळाने काही भाग परत आला, तर ती राखीव होती. घाई न करता डेटा बंद कर, अर्ध्या-एक तासाने बघ. कापलेली रक्कम नेहमी पन्नास पैशांच्या पटीत येत असेल, तर वर ओढणं चालू आहे. अवेळी एकदम कापलं, पण फोन रात्रभर डेटा बंद करून पडला होता, तर उशिरा आलेली फाइल असण्याची शक्यता मोठी. आणि दर आठवड्याला किंवा महिन्याला ठरल्या दिवशी तीच रक्कम जात असेल आणि परत कधीच येत नसेल, तर कुठली तरी सेवा गळ्यात पडली आहे, ती आधी बंद करायची. मावशीने हे सगळं कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं आणि मग विचारलं, "हे सगळं मी ओळखायचं, तर ते मशीन काय करतं?"

रिक्षात बसल्यावर मीटर आपल्याकडे तोंड करून असतो. रिक्षावाल्यावर विश्वास नसतो म्हणून नव्हे. पैसे आपले जाणार असतात म्हणून. टाकलेल्या पैशांचा कुणाला भरवसा वाटावा अशी इच्छा असेल तर आकडा फिरताना त्याला दिसला पाहिजे. प्रीपेडमध्ये तर आपण पैसे आधी देऊन बसलेलो असतो. वापरेपर्यंत कंपनी आपली देणेकरी. पण महिन्याच्या शेवटी पैसे देणाऱ्या पोस्टपेडवाल्याला तपशीलवार बिल घरपोच, आणि आधी पैसे मोजणाऱ्याला एक उडता आकडा. ही उतरंड कुठल्या तंत्रज्ञानातून आलेली नाही. दोघांच्या नोंदी त्याच तपशिलाने ठेवल्या जातात.

कायद्याने यावर काही केलेलं नाही असं नाही. ट्रायच्या 2012 च्या ग्राहक संरक्षण विनियमांनुसार प्रीपेड ग्राहकाला मागच्या सहा महिन्यांतल्या वापराचा कलमवार तपशील मागता येतो. कंपनीने तो तीस दिवसांत द्यायचा, आणि त्यासाठी पन्नास रुपयांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. 2012 मध्ये, कागदावर छापून द्यायचं तेव्हा, हे ठीक होतं. आज तीच नोंद ॲपमध्ये दाखवायला काय खर्च येतो ते कंपनीने सांगावं. दीड रुपयाचा हिशेब समजून घ्यायला पन्नास रुपये आणि एक महिना, अशी किंमत लावली की तो कुणीच मागणार नाही, आणि कुणी मागत नाही म्हणून ग्राहकांना तो नकोच आहे असंही म्हणता येतं.

माझ्या मागण्या फार नाहीत. बॅलन्स जिथे दाखवता तिथे राखीव वेगळं दाखवा. दर सांगताना तुकडा आणि वर ओढण्याची वेळ सांगा. कापल्याचा मेसेज पाठवताना वापर कधीचा ते लिहा. यातली एकही माहिती नव्याने गोळा करायची नाही. अनलिमिटेड पॅकवाल्यांनी हे आपलं नाही समजून पान उलटू नये. रोजचे दीड जीबी मोजणारं यंत्र हेच आहे, कोटा देण्याची रीत हीच आहे. रात्री पावणेबाराला सिनेमा लावलात आणि गेटवेने वापर साडेबाराला कळवला, तर मध्यरात्रीच्या आधीचा भाग वेगळा काढण्याची सोय मानकात आहे. ती वापरली नसेल तर कालचा डेटा आजच्या खात्यातून जातो.

मावशीने पन्नास रुपये भरले. मी नको म्हणत होतो, पण 'बघू तरी' म्हणाली. दुकानातल्या मुलाला असा अर्ज असतो हे माहीत नव्हतं. त्याने दोन फोन करून माहिती काढली आणि फार सौजन्याने अर्ज भरून दिला. सव्वीस दिवसांनी तपशील आला. त्या संध्याकाळची ओळ सापडली: तारीख, वेळ, डेटा, 3 एमबी, 1.50 रुपये. खरे 2.3 कुठेच नव्हते. राखलेले आणि सुटलेले पैसेही नव्हते. मावशीने चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाली, "बघ, पाच रुपये कापल्याचं यांनी लिहिलंच नाहीये."